ग्लासातलं तिखट

हैबती मुंबईहून गावाला आला की गावात काहीच धड नसायचं. दूध पातळ, पाणी जड, रस्ता वाकडा, आणि आंबेनळी घाट तर त्याच्या मते चुकीच्याच डोंगरावर काढलेला. एका कंपनीच्या गेटवर अठ्ठावीस वर्षं उभं राहून त्यानं कामगारांच्या पिशव्या तपासल्या होत्या. त्यामुळे जगात तपासणं नावाची एक विद्या आहे आणि ती फक्त आपल्यालाच येते, असा त्याचा पक्का समज. रिटायर झाल्यावर पिशव्या संपल्या, तेव्हा त्यानं मोबाइलवरचे व्हिडिओ बघून दूध, मध, तूप, हळद तपासायला घेतलं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, अशातली गत.

ठमाबाई त्याची चुलत वहिनी. तिला हैबतीचा राग यायचा नाही. राग यायला समोरच्याची थोडी तरी किंमत असावी लागते.

"आला बघ विद्वान," ती सुनेला, रूपालीला म्हणायची. "चुलीत फुंकर मारता येत नाय, नि धूर कुठल्या लाकडाचा ते सांगतोय."

पण यंदा विद्वानाकडे काणाडोळा करून भागणार नव्हतं. वाडीतली तीसेक घरं मुंबईला. मे महिन्यात सगळी गावाला यायची आणि जाताना वर्षाची हळद आणि तिखट ठमाबाईकडूनच न्यायची. नवरा गेल्यापासून बारा वर्षं तिनं हेच केलं होतं. डोंगरउताराच्या वरकस जमिनीच्या दोन तुकड्यांत हळद लावायची, काढायची, शिजवायची, वाळवायची. मिरची महाडच्या बाजारातून आणायची, उन्हात कडकडीत करायची, देठं खुडायची, जरा तेलावर भाजून पोलादपूरला डंकावर न्यायची. डंकवाला म्हणायचा, "काकू, ठेवून जा, संध्याकाळी न्या." ठमाबाई हलायची नाही. लोखंडी मुसळ वर-खाली होत असताना शिंका देत, डोळे पुसत तिथंच बसून राहायची. दुसऱ्याच्या मिरचीचा चिमूटभर भुगा आपल्यात आला तर? छे!

आणि मग गिऱ्हाइकाच्या हातात डबा देताना एकच वाक्य बोलायची, "माझ्या डोळ्यांदेखत कुटलंय." या वाक्यावर तिचं सगळं चालायचं. मुंबईच्या सुना दुकानात सतरा प्रकार बघायच्या, पण वर्षाचं तिखट ठमावहिनीचंच. तिच्याकडे ना पाटी होती, ना पाकिटावर चित्र. नाव होतं, तेवढंच.

यंदा ते वाक्य थोडं खोटं होतं.

झालं असं की मागल्या वर्षी दोनतीन सुनांनी नाक मुरडलं होतं. "वहिनी, तिखट झकास आहे, पण रस्सा लाल नाही होत हो." लाल नाही होत! ठमाबाईनं ते मनात ठेवलं. जिभेला कळत नाही त्यांना डोळ्यांनी चव घ्यायची हौस, असं ती रूपालीला दहा वेळा म्हणाली, पण ठेवलं. यंदा ब्याडगी मिरची आणली ती निम्मी दमट निघाली. वाळवूनसुद्धा काळपट, मातकट. संकेश्वरी चांगली होती, पण तिला जोर फार, रंग बेताचा. कुटून आल्यावर तिखट बघितलं तर विटकरीसारखं. मग ठमाबाई एकटीच महाडला गेली आणि बाजाराच्या एका बोळातून पाच किलो तयार "रंगाचं तिखट" घेऊन आली. दुकानदार म्हणाला, "ब्याडगीचंच आहे, मावशी, जोर नाही, नुसता रंग." घरी येऊन तिनं ते चाळीस किलोत कालवलं. परातीत डोंगर उभा राहिला, लालभडक.

रूपाली दारात उभी राहून बघत होती. "आई, हे आपलं नाय ना?"

"मिरचीच हाय ती. दगड घातला का मी?"

"पण आपण सांगतो..."

"थांब," असं म्हणून ठमाबाईनं काचेच्या ग्लासात पाणी घेतलं आणि दुकानातल्या तिखटाची चिमूट वरून भुरभुरली. हे तिला हैबतीच्याच व्हिडिओतून कळलेलं, पण ते ती मेली तरी कबूल करणार नव्हती. भेसळीचा रंग असेल तर पाण्यात लाल धारा खाली सुटतात म्हणे. तिखट वर तरंगलं, मग हळूहळू तळाला बसलं. धार नाही, काही नाही. पाणी जवळजवळ जसंच्या तसं. तळाचा गाळ तिनं बोटांत चोळून बघितला. विटेची कचकच लागली नाही.

"बघ. निवळशंख."

रूपालीनं ग्लास उचलून मोरीत ओतला. ठमाबाईला वाटलं, पटलं. आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही पटलं. थोडीशी टोचणी राहिली ती "डोळ्यांदेखत कुटलंय" या शब्दांची. पण एवढ्यातेवढ्याला कोण विचारतं? चाळिसात पाच!

*

वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाची सभा शाळेच्या पडवीत भरली. धम्मपाल सर शाळेचे मास्तर. सुट्टीतसुद्धा इथंच राहिलेले, म्हणून त्यांनीच पडवी उघडून सतरंज्या घातल्या होत्या. विषय होता गावजेवणाचा. गावजेवणाची हळद-तिखट दरसाल ठमाबाईची, त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. पण हैबती मंडळाचा अध्यक्ष, आणि अध्यक्षाला बोलण्यासारखं काही नसलं तरी बोलावं लागतं.

"आजकाल कुणावर भरोसा ठेवायचा जमाना नाही," त्यानं सुरुवात केली. तंबाखूची चिमूट तळहातावर घेतली, डबीतून बोटानं चुना काढला, अंगठ्यानं मळायला लागला. "हळद म्हणजे मेन आयटम. त्यात काय काय टाकतात, माहीत आहे? केमिकल! डायरेक्ट कॅन्सर! आपण आधी टेस्ट करू, मग बोलू. वहिनी, गैरसमज नको हां."

"गैर काय नि समज काय," ठमाबाई म्हणाली. "करा की."

तिनं पुडी पुढं सरकवली. हैबतीनं तंबाखू गालात कोंबली, हात हातावर झटकले, पुडीतली चिमूटभर हळद तळहातावर घेतली, तांब्यातल्या पाण्याचे दोन थेंब टाकले आणि अंगठ्यानं चोळायला लागला. "असली हळद असली ना, तर हात पिवळा होतो. नकली असली तर..."

तो थांबला. तळहातावर लाल रेघा उमटल्या होत्या. बघता बघता हळद तांबडीलाल झाली, आणि हैबतीचं तोंड उजळलं. एवढा आनंद त्याला पेन्शन मंजूर झाली तेव्हाही झाला नसेल.

"बघा!" त्यानं हात वर केला. "लाल! प्रूफ! हे बघा, सगळ्यांनी बघा!"

पडवीत गलका झाला. मुंबईच्या सुना एकमेकींकडे बघायला लागल्या. हैबतीची स्वतःची सून तेजश्री, कडेवर दोन वर्षांची पोर, पुढं वाकून सासऱ्याचा हात बघत होती. "अगं बाई," ती म्हणाली, "आणि आपण वर्षभर हेच खातो?" कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणून गेल्या साली माझं पोट..." बारा वर्षांचं नाव, आणि ते मोडायला एक हात पुरला.

 ठमाबाईनं हैबतीच्या त्या हाताकडे नीट बघितलं, अंगठ्याच्या नखात अडकलेला पांढरा चुना बघितला, आणि तिला हसू आवरेना.

"भावजी," ती म्हणाली, "कुंकू कशाचं करतात?"

"काय?"

"कुंकू हो, कुंकू. बायका कपाळाला लावतात ते. तुमच्या आईनं लावलं, तुमच्या बायकोनं लावलं. ते कशाचं करायचे?"

म्हाताऱ्या बायकांच्यात आधी खसखस पिकली. मग एकीनं पदर तोंडात कोंबला.

"हळदीला चुना लागला की ती लाल होते. साबण लागला तरी होते. हळदीचा डाग पडलेलं लुगडं साबणानं धुवा, लाल होतंय का नाय बघा. पण तुम्ही कशाला कधी लुगडं धुवाल! तंबाखू मळलेल्या हातानं माझी हळद तपासायला बसलात, नि हात धुवायची अक्कल नाय?"

"तो चुना पुसला होता मी."

"बरं. तुमच्याच परसातली हळद आणा, उकरून. तिच्यात तरी मी काय घातलं नाय ना?"

एक जण उठून हैबतीच्या परसातून ओली हळकुंडं घेऊन आला. माती धुतली, फोडली. ठमाबाईनं आत पिवळाजर्द गर दाखवला, हैबतीच्याच डबीतला चुना बोटावर घेतला आणि त्यावर चोळला. गर लाल झाला. पडवी हसून हसून लोळायची बाकी होती.

"आता काय करायचं, भावजी? तुमच्या परसावर केस करायची?"

हैबती तंबाखू थुंकायला म्हणून जो उठला तो पडवीच्या टोकालाच उभा राहिला. इथंच ठमाबाईनं थांबायला हवं होतं. पण जिंकलेल्या माणसाला थांबता येतं का कधी? आणि समोर तीस घरं बसली होती, सगळी आपल्याकडे बघत.

"सर, ग्लास हाय का काचेचा?" तिनं विचारलं. "साबण लावलेला नको, नायतर अध्यक्ष पुन्हा केस करतील. निस्त्या पाण्यानं धुवा."

ग्लास आला. तिनं पिशवीतलं तिखट काढलं, लालभडक, आणि पाण्यावर भुरभुरवलं. सगळे पुढं सरकले.

"ही खरी तपासणी. रंग घातला असंल तर धारा सुटतील. बघा, हाय धार? अध्यक्ष, या, जवळून बघा. चष्मा लावा."

धार नव्हती. पाणी निवळ. बायकांनी मान डोलावली, आणि कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"एक सांगू का, ठमामावशी?" धम्मपाल सर कडेला उभे होते, ते म्हणाले. आवाज मऊ, वर्गात बोलतात तसा. "चुन्याचं तुम्ही बरोबर पकडलंत. पण ग्लासाचंही तसंच आहे. जे रंग पाण्यात विरघळतात तेवढेच त्यात दिसतात. मिरचीत तेलात विरघळणारे रंगही घालतात, ते पाण्यात उतरतच नाहीत. पाणी स्वच्छ राहिलं म्हणजे तिखट स्वच्छ, असं नाही म्हणता येत."

"मग तेलात टाका," ठमाबाई म्हणाली.

"तेलात मिरचीचा स्वतःचाही रंग उतरतो. रश्शावर लाल तवंग येतो तो त्याचाच. म्हणून घरी बसून ते ओळखताच येत नाही. हळदीचंही तसंच. हळकुंडाला चकाकी यावी म्हणून शिशाचा पिवळा रंग चोळतात, तो पाण्यात विरघळत नाही, गुपचूप तळाला बसतो. ग्लासात रंग सुटला तर संशय घ्यायचा, हे ठीक. पण नाही सुटला तर खात्री धरायची नाही. खात्री फक्त प्रयोगशाळेत होते."

आता हे सगळं तिला ऐकू आलं नाही असं नाही. ऐकू आलं, आणि त्या पाच किलोंची आठवणही झाली. पण पडवीच्या टोकाला हैबतीनं कान टवकारले होते. त्याच्या तोंडावर परत थोडा उजेड यायला लागला होता, आणि तो उजेड ठमाबाईला सोसवेना.

"म्हणजे धार सुटली तर खोटं, नि नाय सुटली तरी खोटं!" ती म्हणाली. "वा सर! मग तपासायचं तरी कशाला? पुस्तकं वाचून वाचून माणसाला उकडीच्या भातातपण किडे दिसतात." लोक हसले. सरही हसले, जरासे. "न्या, पाठवा तुमच्या प्रयोगशाळेत. हळद पाठवा, तिखट पाठवा. माझ्या नावानं पाठवा, पैसे मी भरते. सोन्याला आगीची भीती नसते."

सरांनी खरंच दोन कोरड्या बरण्या आणल्या. एकीत हळद, एकीत तिखट, तोंडावर चिकटपट्टी, वर ठमाबाईची सही. पनवेलकडे कुठल्याशा प्रयोगशाळेत त्यांचा जुना विद्यार्थी होता. ते बरण्या घेऊन गेले, आणि ठमाबाई रूपालीकडे बघायचं टाळून घरी आली.

*

पुढचे दहा दिवस म्हणजे ठमाबाईचं राज्य होतं. गावजेवण झालं. रस्सा एवढा लाल की पत्रावळी रंगल्या. हैबती पंगतीत बसला की कुणीतरी विचारायचं, "अध्यक्ष, हात धुतला ना?" वाडीतल्या प्रत्येक घरात ग्लास निघाले. सुना रोज पाण्यावर तिखट भुरभुरवायच्या, मोबाइलवर फोटो काढायच्या, आणि धार सुटली नाही की ठमावहिनीचा जयजयकार. जी दोनचार घरं यंदा मुंबईतच घेऊ म्हणत होती, तीही आली. डबे भरून भरून रूपालीचे हात लाल झाले.

ठमाबाई पायरीवर बसून प्रत्येक डब्याबरोबर तेच वाक्य बोलायची. आता त्याच्यापुढं एक जोडलं होतं, "नि ग्लासात बघून घ्या." कोण हे शहाणे? हळद कशी उगवते ते ठाऊक नाही, मिरचीचं देठ खुडलं तर दिवसभर नाक धरून बसतील, आणि ग्लासभर पाण्यात काय दिसलं म्हणून नाचतायत! मनातल्या मनात ती सगळ्यांनाच हसत होती. फक्त आपणही त्यांच्यात आहोत हे तिच्या ध्यानात नव्हतं.

मंडळाची बस निघायच्या दिवशी सकाळी सर आले. घाईत, सायकलसुद्धा नीट टेकवली नाही. त्यांनी मोबाइल रूपालीच्या हातात दिला. "मावशी, हे आधी तुम्हीच बघा. मी अजून कुणाला दाखवलेलं नाही. तुमच्या नावाचं आहे."

रूपालीनं वाचलं. "हळद... मेटॅनिल यलो, तो भेसळीचा पिवळा रंग, नाय. शिसं मर्यादेत. हळद चांगली हाय, आई."

"ते मला पनवेलवाल्यानं सांगायला नको."

"तिखटात..." रूपाली थांबली. "सुदान रंग सापडला म्हणतायत."

"काय तो सुदान?"

"कपड्याला, मेणाला, बुटांच्या पॉलिशला घालतात तसला रंग," सर म्हणाले. "तेलात विरघळतो. खाण्यात घालायला बंदी आहे, थोडासुद्धा चालत नाही. पाण्यात दिसत नाही, म्हणून तर घालतात. मावशी, मिरची कुठून आणलीत?"

 ठमाबाईचे कान तापले होते. कुणाची लाज वाटत होती ते तिला कळेना: त्या बोळातल्या दुकानदाराची, का पडवीत बडबडणाऱ्या आपल्या जिभेची. सरांनी उत्तराची वाट बघितली, मग मान खाली घातली. त्यांना कळलं असावं. मास्तर असले तरी वेंधळे नव्हते.

"कुणी विचारणार नाय," ती म्हणाली. "हैबतीला आता कुणी तोंड उघडू देत नाय. रिपोर्टचं कुणाला ध्यानातपण नाय."

"नाय," रूपाली म्हणाली. "कुणी नाय विचारणार." मग तिनं मोबाइल सरांना परत दिला आणि सासूकडे सरळ बघितलं. "तेजश्रीच्या पोरीला आता वरणाबरोबर जरा जरा तिखट लावतात. मला परवाच सांगत होती, वहिनीचं तिखट हाय म्हणून देते म्हणून."

ठमाबाई उठली. चपला उलट्यासुलट्या पायांत सरकवल्या आणि तशीच निघाली.

बस शाळेसमोर उभी होती. टपावर फणस, आंब्याच्या पेट्या, तांदळाची पोती बांधत होते. बायका खिडक्या धरून बसल्या होत्या. ठमाबाई दारात चढली आणि एका दमात म्हणाली, "तिखट परत द्या. सगळ्यांनी. माझ्या तिखटात रंग हाय. रिपोर्ट आलाय."

 कुणीतरी हसलं.

"काय वहिनी, थट्टा करता काय?"

"थट्टा नाय. सर आले होते. प्रयोगशाळेत निघालाय."

"अहो, आम्ही रोज बघितलं की! आमच्या समोर तुम्हीच दाखवलंत," तेजश्री म्हणाली. "एक धार सुटली नाही."

"पाण्यात नाय सुटत तो. तेलातला रंग हाय."

पुढच्या सीटवर हैबती बसला होता. दहा दिवस मान खाली घातलेला माणूस, आता हळूच वर बघायला लागला. ठमाबाईनं मनात म्हटलं, घे, तुझा दिवस आला, बोल. पण हैबती वेगळंच बोलला. त्यानं पिशवीतून काचेचा पेला काढला, शेजारच्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलं, पायाशी ठेवलेल्या डब्यातलं तिखट त्यावर टाकलं आणि पेला सगळ्यांना दाखवला.

"बघा. क्लीन. वहिनी, तेव्हा मी चुकलो, मान्य. तुम्हीच शिकवलंत. मग आता हे काय नाटक? मिरचीचा रेट वाढलाय म्हणे, आता मुंबईतला दुकानदार जास्त देतो वाटतं?"

बस हसली. सगळी. मागून कुणीतरी म्हणालं, "दिलेला माल परत मागतात होय?" आणि तेजश्रीनं डबा उचलून मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी घट्ट धरला. तिची पोर त्या डब्याच्या झाकणावर हात आपटत होती.

हेच ते लोक, ज्यांना तिनं पेल्यात बघायला शिकवलं. आता तिचं तोंड बोलतंय त्यापेक्षा पेला खरा. सर खरं बोलले, रिपोर्ट खरं बोलतोय, ती खरं बोलतेय, आणि एकही जण मानत नाही. कुणाची अक्कल काढायची आता? हैबतीची? ठमाबाईला आयुष्यात पहिल्यांदा हैबतीची कीव आली, आणि लगेच स्वतःचीही. ती जास्त झोंबली.

एकच गोष्ट होती जी ऐकली तर ते मानतील. तिनं बसचा दांडा धरला.

"मी डोळ्यांदेखत कुटलेलं नाय ते," ती म्हणाली. "सगळं नाय. पाच किलो तयार आणलं, महाडच्या बोळातनं. रंग यावा म्हणून. तुम्हाला लाल रस्सा हवा होता म्हणून. कालवलं मी माझ्या हातानं. नि प्रत्येकीला सांगितलं, डोळ्यांदेखत कुटलंय. खोटं सांगितलं."

आता कुणी हसलं नाही.

तेजश्रीनं मांडीवरचा डबा खाली ठेवला. पोरीचा हात झाकणावरून उचलला, स्वतःच्या पदराला पुसला, परत परत पुसला. मग पायानं डबा दाराकडे सरकवला. मागून एक डबा आला, मग दुसरा. कुणी हातात दिला नाही. सीटवरून सीटवर सरकत, दाराच्या पायरीपर्यंत येत, ठमाबाईच्या पायाशी जमत गेले. टपावर चढलेल्या माणसानं दोरी सोडली आणि पेट्यांतले डबे खाली सोडायला लागला. शिव्या कुणीच दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

शेवटी हैबती उठला. त्यानं पायाशी ठेवलेला तिखटाचा डबा उचलला आणि बाकीच्या डब्यांजवळ ठेवला. मग स्वतःच्या पिशवीत हात घालून हळदीची पुडी काढली.

"हळदीत काय नाय, भावजी," ठमाबाई घाईघाईनं म्हणाली. "हळद तपासलीय. चांगली निघालीय. सरांच्या मोबाइलवर रिपोर्ट हाय, लिहून दिलंय त्यांनी."

हैबतीनं तिच्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर जिंकल्याचा आनंद नव्हता. गेटवर पिशवीत चोरीचा माल सापडलेल्या कामगाराकडे तो बघत असेल, तसं त्यानं बघितलं.

"असेल," तो म्हणाला. "ही पण घ्या."

त्याच्यामागून तेजश्रीनं आपली हळद काढली. मग बाकीच्यांनी काढली.